३८६ × ४७ : जाळीतला गुणाकार एका आईला समजावताना

पाचवीतल्या एका मुलीची ही वर्कशीट. पाच गणितं, सगळी तीन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने गुणायची. वर सूचना एवढीच होती : ‘कोणत्याही पद्धतीने गुणाकार करा, पण मांडणी दाखवा.’ मुलीने पाचही गणितं जाळीच्या पद्धतीने सोडवली. चार बरोबर आली, एक चुकलं. दुसऱ्या दिवशी कागद माझ्याकडे आला तेव्हा पहिल्या गणितावर पेन्सिलीने काट मारलेली होती. शेजारी आईच्या नेटक्या अक्षरात तोच गुणाकार उभ्या मांडणीत केलेला होता आणि खाली एक ओळ होती : ‘बाई, उत्तर बरोबर आलंय, पण पद्धत चुकीची आहे. कृपया योग्य पद्धत शिकवावी.’

आई एका पतसंस्थेत कॅशियर आहेत. आकड्यांशी त्यांचा रोजचा संबंध, हिशेब पक्का, म्हणून त्यांची तक्रार मला उडवून लावण्यासारखी वाटली नाही. ‘उत्तर बरोबर, पद्धत चुकीची’ हे वाक्य पालकांकडून मी बऱ्याचदा ऐकते. त्याचा खरा अर्थ असतो, ‘हे उत्तर कुठून आलं ते मला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर मी विश्वास कसा ठेवू?’ हा प्रश्न रास्त आहे. त्यावर ‘आता असंच शिकवतात’ असं सांगितलं तर ते उत्तर होत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर त्या आल्या, मुलगी बाहेर व्हरांड्यात थांबली आणि आम्ही कागद मध्ये ठेवून बसलो.

कागदावर काय होतं

गणित होतं ३८६ × ४७. मुलीने तीन उभ्या रकान्यांची आणि दोन आडव्या ओळींची जाळी काढली होती. वर गुण्याचे अंक ३, ८, ६ आणि उजव्या बाजूला गुणकाचे अंक, वर ४, खाली ७. प्रत्येक घराला वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ. घरात त्या रकान्याचा आणि त्या ओळीचा अंक गुणून येणारी संख्या, तिचा दशक रेघेच्या वर आणि एकक रेघेच्या खाली. तिरपी रेघ इथे छापता येत नाही म्हणून मधली रेघ तशी समजावी :

| ३ | ८ | ६ | |
|---|---|---|---|
| १ / २ | ३ / २ | २ / ४ | ४ |
| २ / १ | ५ / ६ | ४ / २ | ७ |

मग खालच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून तिरप्या पट्ट्यांतल्या अंकांची बेरीज. पहिल्या पट्टीत एकटा २. दुसरीत ४, ६ आणि ४, म्हणजे १४; ४ लिहिले, हातचा १. तिसरीत ५, १, २, २ मिळून १० आणि हातचा १, म्हणजे ११. १ लिहिला, हातचा १. चौथीत २, ३, २ मिळून ७ आणि हातचा १, म्हणजे ८. शेवटच्या पट्टीत १. उत्तर जाळीच्या डाव्या कडेने खाली उतरत आणि मग तळाशी उजवीकडे जात वाचायचं : १८१४२.

आईंची हरकत नेमकी होती, तीही मुद्देसूद. गुणताना हातचा कुठेच घेतलेला नाही. दुसऱ्या ओळीत आपण फुली मारतो किंवा शून्य देतो, तेही नाही. आणि बेरीज तिरपी का? ‘आकडे एकाखाली एक असतात तेव्हा एककाखाली एकक येतो, बाई. इथे कशाखाली काय आहे, कळतच नाही.’

त्यांचेच आकडे जाळीत

पद्धत ‘का’ चालते हे मी आधी सांगायला घेतलं नाही. त्यांचा त्यांच्या मांडणीवर विश्वास होता, म्हणून त्या मांडणीतले आकडेच जाळीत दाखवावेत असं मला वाटलं. त्यांनी कागदावर लिहिलं होतं :

```
    ३८६
  ×  ४७
  -----
   २७०२
  १५४४×
  -----
  १८१४२
```

मी जाळीतली वरची ओळ फूटपट्टीने झाकली. उरली ७ ची ओळ : २/१, ५/६, ४/२. म्हटलं, ‘ताई, एवढ्याचीच तिरपी बेरीज करा.’ त्यांनी केली. शेवटी २. मग ४ आणि ६ मिळून १०, शून्य लिहिलं, हातचा १. मग ५ आणि १ मिळून ६ आणि हातचा १, म्हणजे ७. मग २. २७०२. त्यांनी एकदा जाळीकडे पाहिलं, एकदा आपल्या मांडणीकडे. मग स्वतःच फूटपट्टी खाली सरकवून ७ ची ओळ झाकली आणि ४ च्या ओळीची बेरीज केली : ४, मग २ आणि २ मिळून ४, मग ३ आणि २ मिळून ५, मग १. १५४४. ‘अहो, हे तर माझेच आकडे!’

माझ्या अनुभवात हे दाखवल्यावर निम्मा वाद संपतो. जाळीची प्रत्येक आडवी ओळ म्हणजे उभ्या मांडणीतली एक ओळ, फक्त अजून न जुळवलेली. त्यांनी सातने गुणताना काय केलं होतं ते आम्ही एकेक पायरी बोलून पाहिलं. सहा गुणिले सात बेचाळीस, दोन लिहिले, हातचे चार. आठ गुणिले सात छप्पन्न, त्यात हातचे चार, साठ. हे छप्पन्न अधिक चार त्यांनी मनात केलं होतं. जाळीत तो ४ बेचाळीसच्या घरात रेघेच्या वर बसलेला आहे, छप्पन्नचा ६ शेजारच्या घरात रेघेच्या खाली आहे, आणि दोघं एकाच तिरप्या पट्टीत येतात. म्हणजे हातचा नाहीसा झालेला नाही. उभ्या मांडणीत तो गुणतागुणताच मिळवायचा असतो, जाळीत आधी सगळे गुणाकार लिहून होतात आणि मिळवणं नंतर येतं. गुणाकार दोन्हीकडे सहाच, आणि तेच सहा.

फुली का मारतो

दुसरी शंका अधिक महत्त्वाची होती, कारण तिच्यात पद्धतीचं सगळं मर्म आहे. त्यांनी विचारलं, ‘१५४४ च्या पुढची माझी फुली कुठे गेली?’ मी उलट विचारलं, ‘तुम्ही ती का मारता?’ उत्तर आलं, ‘मारायची असते. एक घर सोडायचं.’ पुढे क्षणभर थांबून, ‘म्हणजे तो ४ म्हणजे ४० ना, म्हणून.’

त्यांनी स्वतःच ते म्हटल्यामुळे पुढचं सोपं झालं. तीच जाळी मी खऱ्या किमती घालून पुन्हा काढली, तिरप्या रेघांशिवाय :

| ३०० | ८० | ६ | |
|---|---|---|---|
| १२००० | ३२०० | २४० | ४० |
| २१०० | ५६० | ४२ | ७ |

वरच्या ओळीची बेरीज १५४४०, खालची २७०२, एकूण १८१४२. मुलीच्या जाळीतल्या प्रत्येक घरात हीच संख्या आहे, फक्त शेवटची शून्यं लिहिलेली नाहीत. ३/२ म्हणजे बत्तीस नव्हे, बत्तीसशे. त्यातला ३ हजारांचा आणि २ शतकांचा.

मग प्रश्न असा की शून्यं न लिहिता कोणता अंक शतकाचा आणि कोणता हजाराचा हे कळणार कसं. ते घराची जागा सांगते. जाळीत एक घर डावीकडे गेलो की गुण्याचा अंक दहापट किमतीचा होतो, ६ वरून ८ वर म्हणजे एककावरून दशकावर. एक घर वर गेलो की गुणकाचा अंक दहापट होतो, ७ वरून ४ वर. म्हणजे डावीकडे एक घर आणि खाली एक घर सरकलो तर एकदा दहापट झाली आणि एकदा दहावा भाग झाला, किंमत होती तेवढीच राहिली. तिरपी पट्टी नेमकी याच दिशेने जाते. म्हणून एका पट्टीतले सगळे अंक एकाच स्थानाचे असतात. तिसरी पट्टी घ्या : ५६० मधले ५ शतक, २१०० मधला १ शतक, २४० मधले २ शतक, ३२०० मधले २ शतक. चारही शतकंच. उभ्या मांडणीत एककाखाली एकक यावा म्हणून आपण फुली मारून ओळ सरकवतो. जाळीत तेच काम तिरपी रेघ करते.

आईंनी यावर जे म्हटलं ते माझ्या सगळ्या स्पष्टीकरणाहून चांगलं होतं. ‘म्हणजे प्रत्येक पट्टी हा ड्रॉवरमधला एक कप्पा. दहाच्या नोटा दहाच्या कप्प्यात, शंभराच्या शंभराच्या. दहाच्या दहा झाल्या की एक शंभराची करून पुढच्या कप्प्यात.’ पट्टीची बेरीज १४ आली की ४ ठेवून १ पुढच्या पट्टीत द्यायचा, तो हाच व्यवहार.

रेघेच्या दिशेबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण पालक घरी जाळी काढून पाहतात तेव्हा हमखास अडकतात ते इथे. गुण्य वर आणि गुणक उजवीकडे असेल तर रेघ वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्याकडेच हवी. उलट दिशेने काढली तर एका पट्टीत एकक आणि शतक शेजारीशेजारी येतात आणि उत्तराला काही अर्थ उरत नाही.

घरी काय घडलं होतं

इथपर्यंत आल्यावर आईंनी पर्समधून वहीचा कागद काढला. वर्कशीटवर काट मारल्यानंतर त्यांनी मुलीला तेच गणित उभ्या मांडणीत करायला लावलं होतं. मुलीने २७०२ बरोबर काढलं, १५४४ बरोबर काढलं, आणि १५४४ सरळ २७०२ च्या खाली लिहून बेरीज केली : ४२४६. ‘बघा, तुमच्या जाळीमुळे तिची साधी मांडणी बिघडली,’ हा त्यांचा खरा राग होता. तो चिठ्ठीत लिहिलेला नव्हता.

जाळीमुळे बिघडली असं मला वाटत नाही, आणि कागदावरूनही तसं दिसत नव्हतं. पाढे पक्के होते, हातचे नीट घेतले होते. फक्त ४ म्हणजे ४० हे मांडणीत उतरलं नव्हतं. फुली ही तिच्यासाठी एक सवय होती आणि ती सवय अजून मुरलेली नव्हती. जाळीत तिरपी रेघ ही काळजी घेते, म्हणून तिथे उत्तर बरोबर येत होतं. यात आईंच्या तक्रारीचा खरा भागही आहे. जाळी बरोबर उत्तर देते, पण स्थानिक किंमत मुलाला कळली नसली तरीही देते. ते कळलंय का हे वेगळं तपासावं लागतं.

यापुढे जे निघालं त्याने मीही रंगले. आई म्हणाल्या, ‘मी तर ताळाही पाहिला होता.’ नऊचा ताळा, म्हणजे अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जाऊन गुणाकार पडताळायचा. ३८६ च्या अंकांची बेरीज १७, म्हणजे ८. ४७ ची ११, म्हणजे २. आठ दुणे सोळा, म्हणजे ७. १८१४२ च्या अंकांची बेरीज १६, म्हणजे ७. ताळा जुळला. आणि मुलीचं ४२४६? ४, २, ४, ६, बेरीज १६, म्हणजे ७. तोही जुळतो!

हे योगायोगाने होत नाही. एखादी संख्या एक घर सरकली की ती दहापट होते, म्हणजे तिच्यात तिच्याच नऊपट भर पडते. १५४४ च्या जागी १५४४० असायला हवं होतं, फरक १५४४ च्या नऊपट, म्हणजे १३८९६. १८१४२ मधून ४२४६ वजा केले तर तेवढेच उरतात. फरक नऊच्या पटीत असला की नऊच्या ताळ्याला तो दिसतच नाही. आईंना हे दुसऱ्या अंगाने चांगलं माहीत होतं. संध्याकाळी कॅश जुळत नाही आणि फरकाला नऊने भाग जातो, तेव्हा त्या आधी कुठे आकडा उलटा पडलाय किंवा शून्य कमीजास्त झालंय का ते शोधतात. तीच गोष्ट इथे आहे. म्हणून गुणाकारात फुली विसरली, किंवा जाळीत अंक चुकीच्या पट्टीत गेला, तर ताळा ती चूक पकडणार नाही. ती पकडायला ढोबळ अंदाज लागतो : ३८६ म्हणजे जवळजवळ ४००, ४७ म्हणजे जवळजवळ ५०, गुणाकार २०००० च्या आसपास आणि त्याहून थोडा कमी. १८१४२ शक्य आहे, ४२४६ शक्य नाही.

जे गणित खरंच चुकलं होतं

वर्कशीटवरचं चौथं गणित होतं २०५ × ३४. मुलीने तेही जाळीतच केलं आणि उत्तर लिहिलं १४१७०. मी ते चूक दिलं होतं. आईंना ते मुद्दाम दाखवलं, कारण पद्धत बरोबर आहे याचा अर्थ तिच्यात चूक होत नाही असा नाही, आणि चूक कशी होते हे पालकाला माहीत असलं की घरी मदत करता येते.

मुलीला आत बोलावलं. आधी अंदाज विचारला. ती म्हणाली, ‘दोनशे गुणिले चौतीस, सहा हजार आठशे.’ मग स्वतःच्या १४१७० कडे पाहून गप्प झाली. मी काही सुचवलं नाही. तिने एकेक घर बोटाने तपासलं आणि डाव्या कोपऱ्यातल्या खालच्या घरावर थांबली. बे चोक आठ. तो ८ तिने रेघेच्या वर लिहिला होता आणि खालचा भाग रिकामा होता.

जाळीतली ही सगळ्यांत नेहमीची चूक. गुणाकार एक अंकी आला की मुलं तो मोकळ्या दिसणाऱ्या जागेत लिहितात, आणि वरची जागा आधी दिसते. तिथे ०/८ असं लिहायला हवं. तो ८ म्हणजे २०० × ४, म्हणजे ८००, शतकाच्या पट्टीतला. वर लिहिल्याने तो हजाराच्या पट्टीत गेला आणि ८००० झाला. खरं उत्तर ६९७०, तिचं १४१७०, फरक ७२००. हा फरक म्हणजे ८००० वजा ८००. याला नऊने भाग जातो, म्हणून इथेही ताळा जुळतोच. घरात शून्य लिहायची सवय लावली की ही चूक जवळजवळ बंद होते. दुरुस्त करताना उत्तर ०६९७० असं दिसलं, तेव्हा आईंनी पुढचं शून्य कसलं असं विचारलं. दशहजाराच्या पट्टीत काहीच नाही एवढंच ते सांगतं, वाचताना सोडून द्यायचं.

मग मी मुलीला पहिल्या गणितातल्या ३/२ वर बोट ठेवून विचारलं, ‘हा ३ किती गं?’ तिने जरा वेळ घेतला. ‘तीन हजार. ऐंशी गुणिले चाळीस बत्तीसशे ना?’ एवढं ज्या मुलाला सांगता येतं त्याला जाळी समजली आहे असं मी धरते. ‘तीन’ किंवा ‘तीस’ असं उत्तर आलं तर जाळी बाजूला ठेवून खऱ्या किमतींचा तक्ता करून घ्यावा लागतो, उत्तरं कितीही बरोबर येत असली तरी.

नवीन नाही, आणि परकंही नाही

आईंच्या मनात आणखी एक गोष्ट होती. हे बाहेरून आलेलं काहीतरी नवं आहे आणि मुलांवर प्रयोग चाललाय. पद्धत दूरवर पसरलेली आहे हे खरं. इटलीत १४७८ साली छापलेल्या अंकगणिताच्या पुस्तकात ती आहे. पण आपल्याकडेही ती जुनीच आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या सुमारास ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिली. तिच्यात घरं आखून, तिरप्या रेघा काढून, अंकांचे गुणाकार त्यात लिहून तिरपी बेरीज घ्यायची ही रीत सांगितलेली आहे. हे ‘ग्रहलाघव’ लिहिणारे गणेश दैवज्ञ आपल्या कोकणातले, मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे. ‘लीलावती’त गुणाकाराचं उदाहरण १३५ × १२ हे आहे आणि भास्कराचार्यांनी तिथे तो गुणाकार करायच्या एकाहून अधिक रीती दिल्या आहेत. एका गुणाकाराला एकच योग्य मांडणी असते ही समजूत निदान त्यांची नव्हती. आईंना याचं अप्रूप वाटलं, पण मला एवढंच दाखवायचं होतं की वर्गात मी काही वावगं शिकवलेलं नाही. पद्धत बरोबर ठरते ती तिरप्या पट्टीच्या हिशेबाने. तिचं वय त्याला पुरावा नाही.

मग उभी मांडणी कशाला

आईंचा शेवटचा प्रश्न व्यवहाराचा होता : परीक्षेत हे चालेल का, आणि वेळ जास्त लागणार नाही का? शिष्यवृत्तीची परीक्षा बहुपर्यायी असते, तिथे मांडणी कोणी पाहत नाही. वर्गातल्या चाचणीत मी दोन्ही पद्धतींना पूर्ण गुण देते. वेळेबाबत मात्र त्यांचं म्हणणं बरोबर आहे. जाळी आखायला वेळ आणि जागा दोन्ही लागतात, घाईत काढलेली जाळी वाकडी होते आणि पट्ट्या एकमेकींत मिसळतात. हात बसला की तीन अंकी गुणिले दोन अंकी गुणाकार उभ्या मांडणीत लवकर होतो.

याहून मोठं कारण भागाकाराचं आहे. दोन किंवा तीन अंकी संख्येने भागताना त्या संख्येची सातपट, आठपट क्षणात काढून खाली मांडून वजा करावी लागते. प्रत्येक पायरीला शेजारी जाळी काढत बसलं तर मूल भागाकाराचा धागाच हरवतं. म्हणून उभी मांडणी या मुलीला यायलाच हवी, आणि त्याबाबत आई आणि मी एकाच बाजूला आहोत हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आमचा मतभेद एवढाच होता की तिकडे जायला जाळीवर काट मारावी की जाळीचाच आधार घ्यावा.

आम्ही ठरवलं ते असं. घरी रोज एकच गणित, पण दोन्ही पद्धतींनी, शेजारीशेजारी. कुठलीही मांडणी करायच्या आधी ढोबळ अंदाज कागदाच्या कोपऱ्यात लिहायचा. जाळी पूर्ण झाली की बेरीज करण्याआधी प्रत्येक आडव्या ओळीची वेगळी तिरपी बेरीज करून ती संख्या ओळीच्या डावीकडे लिहायची, म्हणजे ३८६ × ४७ मध्ये १५४४ आणि २७०२. मग तेच आकडे उभ्या मांडणीत उतरवायचे. आणि दुसऱ्या ओळीत फुली न मारता शून्य द्यायचं, १५४४० असं पूर्ण लिहायचं. आईंना फुलीची सवय होती, त्यांनी थोडी कुरकूर केली. पण फुलीने फक्त घर सुटतं, शून्याने चाळीसपट दिसते, आणि या मुलीला नेमकं तेच दिसायची गरज होती.

दुसऱ्या ओळीतलं शून्य न सांगता येऊ लागलं की जाळी सोडून द्यायची मुभा मुलीला दिली. तिने ती सगळ्यांत आधी दोन अंकी गुणिले दोन अंकी गणितांत घेतली, तीन अंकी गणितांत ती अजून जाळी आखते आणि एक अंकी गुणाकाराच्या घरात न चुकता शून्य लिहिते. आई आता काट मारण्याऐवजी जाळीतल्या एखाद्या अंकावर बोट ठेवून ‘हा किती?’ विचारतात. सहामाहीनंतर दोन अंकी भाजकाचा भागाकार सुरू होईल. तोवर ३८६ ची सातपट जाळीशिवाय, एका ओळीत काढायचा सराव तिला हवा. त्यासाठी मी आईंना एक अंकी गुणकाची काही गणितं लिहून दिली आहेत, ज्यांत निदान एका ठिकाणी हातचा मिळवल्यावर नवं शतक तयार होतं. उदाहरणार्थ २७८ × ४ : सात चोक अठ्ठावीसमध्ये हातचे तीन मिळवले की एकतीस दशक, म्हणजे तीन शतकं पुढे जातात. तिथे ती अजून अडखळते.